१७ वरून १२: पीएचक्यू-९ चे पाच गुण कमी झाले, म्हणजे पेशंट सुधारली का?

आधी पेशंटबद्दल. वय ४६, पतसंस्थेत कारकून, दोन मुली, नवरा फिरतीच्या नोकरीत. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींचे तपशील एकत्र करून ही केस लिहिली आहे आणि गुण हिशोब नीट दिसावा असे घेतलेत, पण असा प्रसंग काउन्सेलिंगमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला दर महिन्याला भेटतो.

बाई आल्या तेव्हा पीएचक्यू-९ वर, म्हणजे डिप्रेशन किती आहे ते बघायच्या फॉर्मवर, १७ गुण होते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला एवढंच विचारतात, एकूण ० ते २७. १५ ते १९ म्हणजे बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन. ऑफिसच्या योजनेतून आठ सेशन मंजूर होती, आम्ही बिहेवियरल ॲक्टिव्हेशन घेतलं, म्हणजे आठवड्याचं वेळापत्रक लिहून काढायचं आणि सोडून दिलेल्या गोष्टी छोट्या छोट्या तुकड्यांत परत सुरू करायच्या. तिसऱ्या आठवड्यात झोप अगदीच येत नव्हती म्हणून सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, त्यांनी रात्रीची मिर्टाझापिन सुरू केली. आठव्या सेशनला परत तोच फॉर्म, त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेला, गुण १२.

आता योजनेला रिपोर्ट पाठवायचा होता आणि त्यात एक सरळ प्रश्न असतो, सुधारणा झाली का, हो किंवा नाही. हो म्हटलं की फाइल बंद, नाही म्हटलं तर कारण लिहून आणखी सेशन मागता येतात. म्हणजे त्या पाच गुणांचा अर्थ काय लावायचा यावर बाईंना पुढे मदत मिळणार की नाही हे ठरणार होतं.

रिपोर्टचा पहिला ड्राफ्ट आमच्याकडे इंटर्नशिप करणाऱ्या मुलीने लिहिला होता. हुशार मुलगी, तिने नुसतं "पाच गुण कमी झाले, छान" असं लिहिलं नव्हतं, मोजमापातली चूक धरून हिशोब केला होता. तिचं म्हणणं असं: "मॅडम, एसईएम साधारण २ येतो, ९५ टक्क्यांसाठी १.९६ ने गुणलं की ३.९, म्हणजे पहिल्या १७ च्या भोवतीचा पट्टा १३.१ ते २०.९. आत्ताचे १२ त्या पट्ट्याच्या बाहेर आहेत, म्हणून बदल खरा आहे." ऐकायला अगदी पटतं. मी हे सिनियर लोकांच्या रिपोर्टातही पाहिलंय, म्हणून इथे जरा थांबून बोलते.

एसईएम म्हणजे स्टँडर्ड एरर ऑफ मेजरमेंट. समजा बाईंची खरी अवस्था अजिबात बदलली नाही आणि त्यांनी तोच फॉर्म परत परत भरला, तरी दर वेळी नेमके १७ येणार नाहीत. एखाद्या दिवशी "बरेच दिवस" वर टिक होईल, एखाद्या दिवशी "निम्म्याहून जास्त दिवस" वर, कधी सकाळी घरात भांडण झालेलं असेल, कधी फॉर्म घाईत भरला असेल. गुण असे वरखाली हलतात त्या हलण्याचा साधारण आकार म्हणजे एसईएम. सुमारे दोन तृतीयांश वेळा गुण खऱ्या अवस्थेच्या एका एसईएमच्या आत पडतात, आणि सुमारे ९५ टक्के वेळा दोनाच्या जरा आत. तो काढायला दोनच आकडे लागतात, गुणांचं स्टँडर्ड डेव्हिएशन SD, म्हणजे गटात गुण किती पसरलेत, आणि चाचणीची रिलायबिलिटी r, म्हणजे तिचे गुण किती भरवशाचे. x1 हा पहिला गुण, x2 नंतरचा:

```
SEM    = SD × √(1 − r)
SEdiff = SEM × √2
RCI    = (x2 − x1) / SEdiff
```

मुलीची गफलत झाली ती दुसऱ्या ओळीत, ती ओळ तिने वापरलीच नव्हती. तिने १७ भोवती पट्टा काढला आणि १२ हा जणू पक्का, न हलणारा आकडा आहे असं धरलं. पण १२ सुद्धा त्याच फॉर्मवर, त्याच बाईंनी, एका ठराविक दिवशी भरलेला आकडा आहे, तोही तेवढाच हलतो. पहिल्या दिवशी चूक वरच्या बाजूला आणि शेवटच्या दिवशी खालच्या बाजूला पडली, तर काही बदललेलं नसतानाही फरक मोठा दिसेल. दोन्हीकडच्या चुका एकमेकांवर अवलंबून नसतील तर त्यांचे व्हेरियन्स बेरजेत जातात, म्हणून फरकाची स्टँडर्ड एरर एसईएमच्या √२ पट, म्हणजे सुमारे १.४१ पट होते. तिच्याच २ च्या एसईएमवरून फरकाची एरर २.८ येते, आणि ९५ टक्क्यांसाठी लागणारा बदल ३.९ नाही तर साडेपाच. पाच गुण त्याच्या आतच पडतात. नुसती एक ओळ गाळली आणि रिपोर्टचं उत्तर उलटं झालं!

तिसऱ्या ओळीतला आरसीआय म्हणजे रिलायबल चेंज इंडेक्स, तो १.९६ च्या वर गेला की बदल रिलायबल मानतात. तो जेकबसन आणि ट्रुॲक्स यांच्या १९९१ च्या लेखामुळे सगळीकडे गेला. त्याआधी १९८४ मध्ये जेकबसन आणि सहकाऱ्यांनी तो मांडला होता आणि त्यात हीच दुरुस्ती राहिली होती, भागाकार एका गुणाच्या एररने होत होता, ती क्रिस्टेनसेन आणि मेंडोझा यांनी १९८६ मध्ये दाखवून दिली. मुलीला हे सांगितलं कारण ती फार खट्टू झाली होती, अगं, ज्यांनी हे काढलं त्यांचंही पहिल्यांदा इथेच राहिलं होतं.

पण मग तिने फार चांगला प्रश्न विचारला. "मॅडम, एसईएम २ हा तरी कुठून आला, मी तर अल्फा ०.८९ घेऊन काढला, तुम्ही मागच्या महिन्यात ०.८४ घेतला होता." बरोबर विचारलं तिने.

पीएचक्यू-९ चा मूळ अभ्यास क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांचा, २००१ चा. त्यात प्रायमरी केअरच्या पेशंटमध्ये अल्फा ०.८९ आला होता. आणि क्लिनिकमध्ये भरलेला फॉर्म व ४८ तासांच्या आत फोनवर परत विचारलेले तेच प्रश्न यांच्यातलं कोरिलेशन ०.८४ होतं. दोन्हीला आपण रिलायबिलिटीच म्हणतो, पण त्या वेगळ्या गोष्टी सांगतात. अल्फा सांगतो की एकाच बैठकीत नऊ प्रश्न एकमेकांशी किती जुळतात, आज आणि उद्या यांत किती फरक पडेल याबद्दल तो काही बोलत नाही कारण त्याने उद्या पाहिलेलाच नसतो. आपल्याला तर आठ-दहा आठवड्यांच्या अंतरावरचे दोन गुण तुलना करायचेत, म्हणजे दिवसागणिक होणारी हलचल आपल्या प्रश्नाच्या मध्यभागी आहे, त्यामुळे मला टेस्ट-रीटेस्टचा आकडा जास्त योग्य वाटतो. टेस्ट-रीटेस्टचंही अंतर बघावं लागतं, ४८ तास फार कमी आहेत असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही, पण अंतर महिनाभर केलं तर मधल्या काळात लोक खरोखर बदलतात आणि तो खरा बदल चुकीत मोजला जातो.

स्टँडर्ड डेव्हिएशन ६ धरून दोन्ही हिशोब बघा. ०.८९ घेतला तर एसईएम १.९९, फरकाची एरर २.८१, लागणारा बदल ५.५, म्हणजे पूर्ण गुणांत ६. ०.८४ घेतला तर एसईएम २.४, फरकाची एरर ३.३९, लागणारा बदल ६.६५, म्हणजे ७. इंग्लंडच्या एनएचएस टॉकिंग थेरपीज सेवेत (पूर्वीची आयएपीटी) पीएचक्यू-९ साठी ६ गुणांचा बदल रिलायबल मानतात, तो पहिल्या हिशोबाशी जुळतो.

आता ६ हे स्टँडर्ड डेव्हिएशन कुठलं? डिप्रेशनच्या पेशंटमध्ये साधारण तेवढं पसरतात गुण. पण ०.८४ आला तो सरसकट ओपीडीच्या पेशंटमधून, ज्यात बहुतेकांना डिप्रेशन नव्हतंच. नियमाने बघितलं तर दोन्ही आकडे एकाच गटातून यायला हवेत, कारण रिलायबिलिटी गुणांच्या पसाऱ्यावर अवलंबून असते, गट जितका मिसळलेला तितकी ती चांगली दिसते. इथला आणि तिथला आकडा जोडला की एसईएम थोडा इकडे-तिकडे होतो हे लक्षात ठेवून चालायचं. आणि कोणी स्टँडर्ड डेव्हिएशन ५ घेतलं आणि वर अल्फाही ०.८९ घेतला, तर लागणारा बदल ४.६ येतो आणि आपले पाच गुण आरामात पास होतात. म्हणजे दोन्हीकडे सोयीचा आकडा निवडला की हवं ते उत्तर मिळतं! म्हणून आमच्याकडे हे पेशंट यायच्या आधीच ठरलेलं आहे, स्टँडर्ड डेव्हिएशन ६, रिलायबिलिटी ०.८४, लागणारा बदल ७, आणि ते फाइलच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं. गुण बघून झाल्यावर आकडे निवडायला बसायचं नाही, ही एक गोष्ट मी कुणालाही सोडू देत नाही.

तर बाईंचा आरसीआय, उणे चिन्ह सोडून, झाला ५ भागिले ३.३९, म्हणजे १.४७. १.९६ च्या खाली. रिलायबल बदल नाही.

इथे मुलगी लगेच दुसऱ्या टोकाला गेली, तिने ड्राफ्ट खोडून लिहिलं, "उपचाराचा परिणाम झालेला नाही." हेही चूकच, आणि माझ्या मते ही चूक पेशंटला जास्त महाग पडते. १.९६ च्या खाली म्हणजे एवढंच की हे पाच गुण नुसत्या हलण्यातूनही येऊ शकले असते, ती शक्यता आपण बाजूला सारू शकत नाही. पट्टा काढला तर पाचच्या भोवती ६.६५ दोन्ही बाजूंना, म्हणजे खरा बदल दीडेक गुण वाढण्यापासून ते साडेअकरा गुण कमी होण्यापर्यंत काहीही असू शकतो. त्या पट्ट्याचा बहुतेक भाग सुधारणेच्या बाजूला आहे. "बदल सिद्ध झाला नाही" आणि "बदल झाला नाही" यातलं अंतर रिपोर्ट वाचणाऱ्या एचआरच्या माणसाला दिसेलच असं नाही, म्हणून आपणच स्पष्ट लिहायला पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट, जी कुठलाही फॉर्म्युला सांगत नाही. मी तिला म्हटलं, बेरीज बाजूला ठेव, नऊ प्रश्न समोर घे. झोप ३ वरून १, भूक ३ वरून १, थकवा ३ वरून २. झाले पाच. बाकी सगळं होतं तसंच, कशात रस न वाटणं २ ला २, उदास वाटणं २ ला २, स्वतःबद्दल वाईट वाटणं २ ला २, लक्ष न लागणं आणि हालचाल मंदावणं दोन्ही १ ला १. नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, दोन्ही वेळा शून्य (तो आम्ही एकूण गुणांची वाट न बघता आधी बघतो, तिथे ० चा १ झाला तरी त्याच दिवशी बसून बोलायचं असतं, तिथे रिलायबल चेंजचा काही संबंध नाही).

पाचच्या पाच गुण झोप, भूक आणि थकव्यातून आलेत. मिर्टाझापिनने झोप येते आणि भूक वाढते, हे औषध त्यासाठीच ओळखलं जातं. म्हणजे हे पाच गुण अगदी खरे असतील तरी ते डिप्रेशन हललं म्हणून आले की रात्रीच्या गोळीने झोप लागायला लागली म्हणून, हे सांगता येत नाही. मी असं म्हणत नाही की झोपेचं महत्त्व कमी आहे, बाईंसाठी ते खूप होतं, त्या स्वतः म्हणाल्या की "मॅडम, निदान रात्र तरी सरते आता." पण वेळापत्रकातल्या ज्या गोष्टींवर आम्ही काम करत होतो, म्हणजे भजनी मंडळात परत जाणं, बहिणीला फोन, त्यांतून जे हलायला हवं होतं ते अजून हललेलं नव्हतं. एका-एका प्रश्नाला तर वेगळा एसईएम लावून फार काही निघत नाही, एका प्रश्नाची रिलायबिलिटी खूपच कमी असते, तेव्हा यातून पुरावा नाही, फक्त पुढे कुठे बघायचं ती दिशा मिळते.

वर १२ हा अजून १० च्या वरच आहे. पीएचक्यू-९ वर १० आणि पुढे म्हणजे डिप्रेशनची शक्यता बरीच, हा नेहमीचा कटऑफ. जेकबसन आणि ट्रुॲक्स यांच्या पद्धतीत दोन्ही अटी लागतात, बदल रिलायबल हवा आणि गुण कटऑफच्या निरोगी बाजूला यायला हवा. नुसता कटऑफ बघणारे लोक १० वरून ९ झालं की "बरे झाले" लिहितात, एक गुण, आणि नुसता रिलायबल चेंज बघणारे २५ वरून १७ ला खूश होतात. बाईंची एकही अट पुरी होत नव्हती.

शेवटी रिपोर्टमध्ये गेलं ते असं: "गुण १७ वरून १२ झाले आहेत. हा फरक सुधारणेच्या दिशेने आहे, पण मोजमापातल्या चुकीपेक्षा निश्चितपणे मोठा आहे असं म्हणता येत नाही. घट झोप, भूक आणि थकवा यांत आहे व ती याच काळात सुरू झालेल्या औषधाशी जुळते. उदासपणा आणि रस न वाटणं यांत बदल नाही. गुण अजून कटऑफच्या वर आहेत. आणखी सहा सेशनची शिफारस." हो किंवा नाहीच्या चौकटीत "नाही" वर टिक, आणि शेजारी "सोबतचा परिच्छेद वाचावा." सेशन मंजूर झाली.

पुढच्या सहा सेशनमध्ये झोपेवरचा वेळ कमी करून सगळा जोर त्या अडकलेल्या गोष्टींवर दिला, आणि "मी घरच्यांना ओझं आहे" हे जे सारखं यायचं त्यावर. औषधाचा डोस तोच राहिला. शेवटी गुण ८. कशात रस न वाटणं १, उदास १, स्वतःबद्दल वाईट वाटणं १, भूक ०, बाकीचे बाराच्या वेळी होते तसेच.

आता इथे एक गंमतीशीर अडचण येते. १२ वरून ८ म्हणजे ४ गुण, तो काही रिलायबल नाही. त्याआधीचे ५ ही नव्हते. मग दोन अनिश्चित पावलं मिळून काय? मुलीने म्हटलं की दोन्ही वेळा "नाही" आलं म्हणजे एकूणही नाहीच. पण तुलना पहिल्या गुणाशी करायची असते, तेच आधी ठरलेलं होतं. १७ वरून ८, फरक ९, भागिले ३.३९, आरसीआय २.६५. हा १.९६ च्या चांगला वर आहे. दोन्ही पावलांत चूक मिसळलेली होती, पण मधल्या १२ मध्ये जी काही चूक होती ती पूर्ण तुलनेत गळून जाते, शेवटी फक्त दोन टोकांच्या चुका उरतात आणि खरा बदल मात्र साठत जातो. म्हणून हळूहळू सुधारणाऱ्या पेशंटला दर सेशनला मागच्या सेशनशी तोललं तर तो कधीच सुधारलेला दिसणार नाही. उलट बाजूही आहे, दर आठवड्याला फॉर्म भरून ज्या आठवड्यात सात गुण कमी दिसले तिथेच थांबलो तर नशिबाने पडलेल्या कमी गुणाला आपण सुधारणा म्हणून बसू, तेव्हा शेवटचं मोजमाप कधी घ्यायचं तेही आधी ठरवावं लागतं.

यावेळी दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. तरी रिपोर्टमध्ये "थेरपीमुळे" हा शब्द मी घालू दिला नाही. आरसीआय सांगतो की गुण फॉर्मच्या हलण्यापेक्षा जास्त बदलले, कशामुळे बदलले ते तो सांगत नाही. गोळी होती, सेशन होती, मोठ्या मुलीला नोकरी लागली होती, आणि माणूस मदत मागायला येतो तोच बहुतेक वेळा सगळ्यात वाईट आठवड्यात येतो, त्यामुळे काहीही न करता थोडे गुण खाली येतातच. एका पेशंटच्या दोन गुणांतून हे वेगळं काढता येत नाही.

तीन महिन्यांनी फॉलोअपला गुण १० आले आणि धाकटी मुलगी घाबरून बरोबर आली होती, "आईचं परत सुरू झालं का?" आकड्याने बघितलं तर त्या परत कटऑफवर आल्या होत्या आणि योजनेच्या फॉर्मवर हे "रिलॅप्स" म्हणून गेलं असतं. पण ८ वरून १० हे दोन गुण आहेत, एका एसईएमपेक्षाही कमी, आणि पहिल्या १७ पासून अजून ७ चा फरक आहे, म्हणजे आमच्या ठरलेल्या रेषेवर तो अजून टिकून आहे. प्रश्न बघितले तर झोप १ ची २, थकवा २ चा ३, बाकी काही हललं नव्हतं. मार्चएंड होता, पतसंस्थेत रोज रात्री नऊपर्यंत ऑडिटचं काम चालू होतं. उदास वाटण्याबद्दल वेगळं विचारलं, भजनी मंडळाचं विचारलं, गुरुवारी दोनदा चुकलं होतं पण सोडलेलं नव्हतं. नवीन सेशन सुरू केली नाहीत, गोळीबद्दल सायकियाट्रिस्टशी बोलून घ्यायला सांगितलं, आणि एप्रिलच्या शेवटी ऑडिट संपल्यावर परत तोच फॉर्म, सकाळच्याच वेळी, त्यांच्याच हाताने भरायचा असं ठरलं. धाकटीला सांगितलं की त्याआधी गुण १५ च्या पुढे गेले किंवा नवव्या प्रश्नावर काहीही आलं तर एप्रिलचीही वाट बघू नका.